मालक कारणच सांगत नाही तेव्हा

लातुरात मे-जून आला की एक ठरावीक माणूस माझ्या ऑफिसच्या पायऱ्या चढतो. पोराची नीटची परीक्षा झालेली असते, खोली सोडलेली असते आणि डिपॉझिट मालकाकडे अडकलेलं असतं. मागे रेणापूरकडचे एक शेतकरी असेच आले. दोन खोल्या, महिना आठ हजार भाडं, 30,000 डिपॉझिट आणि अकरा महिन्यांचा नोटरी केलेला बॉण्ड. 31 मेला चावी दिली. मालक आधी म्हणाला "बघू", मग म्हणाला "पुढच्या आठवड्यात", आणि मग फोनच उचलेना. ते मला म्हणाले, "साहेब, भिंत खराब केली म्हणाला असता तर भांडलो तरी असतो. हा काहीच बोलत नाही, भांडू कशाशी?"

त्यांना जी अडचण वाटत होती, ती खरं तर मालकाची आहे. डिपॉझिट ही अनामत असते. त्यातून पैसे कापायचे तर काय बिघडलं आणि किती खर्च आला, हे मालकानं दाखवायचं असतं. वर्षभर राहिल्यावर रंग फिका पडला, नळाचा वायसर झिजला, ही वापरातली झीज झाली. तिला नुकसान म्हणत नाहीत. पण मालक फोनवर गप्प बसला तर त्याचा पुरावा उरत नाही. म्हणून त्याचं गप्प बसणं कागदावर आणायचं.

त्यासाठी आम्ही एक पानाची नोटीस लिहिली. अशी नोटीस स्वतः लिहिली तरी चालते, वकीलच लागतो असं नाही. डिपॉझिट कोणत्या तारखेला आणि कसं दिलं, चावी कधी दिली, हे आधी लिहिलं. शेवटचं वीजबिल 1,140 रुपये राहिलं होतं, ते आम्हीच वजा केलं आणि 28,860 मागितले. लोक म्हणतात, आपण होऊन कशाला कापायचं? पण आपण प्रामाणिकपणे हिशेब मांडला की समोरच्याला हिशेबावर बोलावंच लागतं. पुढचं वाक्य असं होतं: "काही कपात करायची असल्यास बाबवार हिशेब व बिलं पंधरा दिवसांत द्यावीत, अन्यथा कपातीचं कारण नाही असं समजण्यात येईल." आणि शेवटी, मुदतीनंतर व्याजही मागू, असं लिहिलं. हे विसरू नका. करारात व्याजाची अट नसेल तर 1978 च्या व्याज कायद्याप्रमाणे व्याजाची लेखी मागणी केल्या तारखेपासून न्यायालय व्याज देऊ शकतं. तोंडी मागणी तिथं उपयोगाची नाही.

नोटीस पोच मिळेल अशा स्पीड पोस्टानं पाठवायची आणि पावती जपायची. पाकीट "घेण्यास नकार" असा शेरा मारून परत आलं तर ते फोडू नका. बरोबर पत्त्यावर पाठवलेलं पाकीट नाकारलं, तर सहसा ते मिळालं असंच धरतात. ते बंद पाकीटच पुरावा ठरतं.

आता त्या बॉण्डचं बघू. अकरा महिन्यांच्या कराराला नोंदणी लागत नाही, असं मराठवाड्यात अजून सर्रास समजतात. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999, कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. नोटरी म्हणजे नोंदणी नव्हे. तसा करार नसेल तर अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरतात. खोटं असेल तर ते मालकानं सिद्ध करायचं. नोंदणी न केल्याबद्दल मालकाला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. नोटिशीत याचा एका ओळीत उल्लेख पुरे, धमकीची भाषा नको.

पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. मग जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात दाखलपूर्व अर्ज केला, म्हणजे दावा लावण्याआधी लोकअदालतीत प्रकरण ठेवायचा अर्ज. त्याला कोर्ट फी नाही. मालक आला. पॅनलसमोर पहिल्यांदा बोलला, "रंगाला पैसे लागले." विचारलं, बिल? बिल नव्हतं. शेवटी 27,000 वर तडजोड झाली, दोन चेक. तिथल्या निवाड्याला दिवाणी हुकूमनाम्याचं बळ असतं, आणि त्यावर अपील नाही. तडजोडीत 1,860 सोडले, ते मला पटलं नव्हतं. पण पेरणी तोंडावर होती, त्यांना पैसे हवे होते.

मालक आलाच नसता तर लोकअदालत त्याला ओढून आणू शकत नाही. मग दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, यांच्याकडे वसुलीचा दावा. त्याला फी लागते आणि वेळही जातो. दावा तीन वर्षांच्या आत लावायचा.

एक चूक मात्र मी वारंवार पाहतो. डिपॉझिट मिळेपर्यंत चावी देत नाही म्हणून लोक अडून बसतात. लिव्ह अँड लायसन्सच्या करारात मुदत संपल्यावर जागा अडवली तर भाडे नियंत्रण कायद्याच्याच कलम 24 प्रमाणे दुप्पट दरानं भरपाई लागू शकते. तेव्हा चावी द्या, पण देताना खोल्यांचा, मीटरच्या आकड्याचा व्हिडिओ काढा आणि "आज चावी दिली" असा मेसेज मालकाला टाका. त्या शेतकऱ्यांकडे तेवढाच एक मेसेज होता, खाली मालकाचा अंगठा.