बयाणा आपला, तारीख त्यांची

(ठेकेदारांच्या मासिक बैठकीतील व्याख्यान, थोडे संपादन करून)

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय, ‘बयाणा रक्कम जप्त कधी होते आणि कधी होऊ शकत नाही’. मला चाळीस मिनिटं मिळणार होती, त्यातली दहा सत्कारात गेली. नारळ मिळाला, तक्रार नाही. पण जप्तीकडे वळण्याआधी मला परताव्याचं बोलायचंय. जप्तीचं निदान पत्र तरी येतं. परतावा न मिळाल्याचं पत्र कुणीच पाठवत नाही.

माझंच सांगतो. काम साधारण एक कोटीचं, टेंडरसोबतचा बयाणा, म्हणजे ईएमडी, दोन टक्के, म्हणजे दोन लाख. टेंडरच्या पोर्टलवरून ऑनलाइन भरली. जूनमध्ये दरांचा लिफाफा, म्हणजे फायनान्शियल, उघडलं. सर्वांत कमी दराचा तो एल-वन, मी त्याच्या खालोखाल, एल-टू झालो. (मागून आवाज : ‘नेहमीचंच!’) हो, नेहमीचंच. एल-वन आणि माझ्यात चाळीस हजारांचा फरक होता, त्याचं दुःख वेगळं. म्हटलं, ठीक, पैसे येतील परत.

जुलै गेला, ऑगस्ट गेला. सप्टेंबरात त्या साइटवरून जात होतो तर काम सुरू! रस्त्याकडेला फलक : कामाचं नाव, ठेकेदाराचं नाव, कार्यारंभ आदेशाचा क्रमांक आणि तारीख. मी गाडी थांबवून फलकाचा फोटो काढला. तिथल्या मुकादमाला वाटलं, मी पेपरवाला आहे. त्यानं लगेच सगळ्यांना हेल्मेटं घालायला लावली.

फोटो घेऊन कार्यालयात गेलो. लेखा शाखेतले म्हणाले, “साहेब, तुमचे पैसे आमच्याकडे नाहीतच. बँकेला विचारा.” बँकेत गेलो. तिथले म्हणाले, “पोर्टलकडून आम्हाला काही आलेलं नाही.” पोर्टलच्या हेल्पलाइनला फोन लावला. ते म्हणाले, “टेंडर अजून मूल्यांकनात दिसतंय, कार्यालयाला विचारा.” गंमत अशी की तिघंही खरं बोलत होते.

होतं काय, ते नीट समजून घ्या. पूर्वी डीडी द्यायचो, तो कार्यालयाच्या कपाटात असायचा. पत्र दिलं, सही केली, डीडी घेऊन आलो. आता ऑनलाइन भरलेली रक्कम बँकेच्या एका सामायिक खात्यात पडून राहते. कार्यालय तिला हात लावत नाही. टेंडरच्या टप्प्याची नोंद पोर्टलवर झाली की पोर्टल बँकेला निरोप देतं आणि पैसे ज्या खात्यातून आले त्याच खात्यात आपोआप परत जातात. माझ्या बाबतीत एल-वनला कार्यारंभ आदेश कागदावर दिला गेला, काम सुरू झालं, पण पोर्टलवर ‘अवॉर्ड ऑफ कॉन्ट्रॅक्ट’ची नोंद कुणी केलीच नव्हती. ज्या अधिकाऱ्याच्या डिजिटल सहीनं ती व्हायची, त्यांची बदली झाली होती. संगणकाच्या लेखी ते काम कुणालाच मिळालेलं नव्हतं, आणि इकडे खडी पसरून रोलर फिरत होता.

जानेवारीत एका तरुण सहायकानं माझ्यासमोर बसून ती नोंद करवून घेतली. चौथ्या दिवशी पैसे आले. दोन लाख, पैसा कमी नाही, पैसा जास्तही नाही. माझं कॅश क्रेडिट दहा टक्क्यांनी. सात महिन्यांचं व्याज साडेअकरा हजारांच्या वर. ते कुणाकडे मागू?

म्हणून सांगतो, “ईएमडी परत मिळावी” असा मोघम अर्ज करू नका. टेंडर आयडी लिहा, पोर्टलवर आज दिसणाऱ्या टप्प्याची छापील प्रत जोडा, कार्यारंभ आदेशाची तारीख लिहा आणि ‘पोर्टलवर अवॉर्डची नोंद करावी’ एवढंच मागा. पैसे मागितले की अर्ज लेखा शाखेत जातो, आणि तिथे त्याचं काही होऊ शकत नाही. आणखी एक, ज्या खात्यातून भरलंय ते खातं मधेच बंद करू नका. आपल्यातल्या एकानं बँक बदलली आणि त्याचा परतावा ये-जा करत बसला.

केंद्र सरकारच्या खात्यांसाठी नियम आहे, सामान्य वित्तीय नियम 2017, नियम 170. हरलेल्याची रक्कम काम दिल्यापासून तिसाव्या दिवसापर्यंत परत करायची. दोन लिफाफ्यांचं टेंडर असेल आणि तुम्ही तांत्रिकमध्येच बाद झालात, तर तो निकाल लागल्यापासून तीस दिवसांत. राज्याची आणि महामंडळांची आपापली कलमं असतात, ती टेंडरमध्येच वाचावी लागतात. पण तिसाव्याऐवजी दोनशेवा दिवस उजाडला तर? व्याजाचा शब्द त्या नियमात नाही. आपण एक दिवस चुकलो की रक्कम जप्त...

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत. पाच मिनिटं? बरं. मूळ विषय पाच मिनिटांत.

समजा, एका बाबीचा दर 650 रुपये, तुम्ही टाकला 65. परिमाण 1,200 घनमीटर. सात लाखांचा खड्डा! शून्य राहिलं म्हणून तुम्ही एल-वन. ईएमडी दोन लाख, देकाराची, म्हणजे आपण टाकलेल्या दरांची, वैधता 120 दिवस, आणि चूक लक्षात आली चाळिसाव्या दिवशी. आता?

वकील म्हणेल, करार कायदा 1872, कलम 5 : स्वीकार होण्याआधी देकार मागे घेता येतो. बरोबर आहे. पण सर्वोच्च न्यायालयानं 2003 मध्ये राष्ट्रीय महामार्ग प्राधिकरण विरुद्ध गंगा एंटरप्रायझेस या प्रकरणात सांगितलं की देकार मागे घ्या, तो हक्क तुमचाच. पण वैधतेच्या मुदतीत मागे घेतला तर रक्कम जप्त होईल, ही वेगळी अट तुम्ही मान्य केलेली आहे. म्हणजे सुटका होते, दोन लाख जातात.

मग त्याच कायद्याचं कलम 74 आहे ना? नुकसान किती झालं ते दाखवा, वाजवी भरपाईच घ्या? इथेच माझं दुखणं आहे. 2015 च्या कैलाश नाथ निकालात दिल्ली विकास प्राधिकरणाला बयाणा परत करावा लागला, पण तिथे करार झालेला होता. त्याच निकालात म्हटलंय की जाहीर लिलावाच्या अटींनुसार करार होण्याआधीच जप्ती झाली तर कलम 74 लागूच होत नाही. जमिनीचा इसार सौदा ठरल्यावर देतात, आपला बयाणा सौदा ठरण्याआधी. म्हणून ज्याचा करार झाला त्याला ढाल आहे, ज्याचा झालाच नाही त्याला नाही.

आता एकच दार उरतं, वैधतेची तारीख. 120 दिवस संपत आले की कार्यालयाचं पत्र येतं, ‘वैधता आणखी 60 दिवस वाढवण्यास संमती द्यावी’. आपण सवयीनं ‘संमती आहे’ लिहून शिक्का मारतो. बहुतेक प्रमाणित टेंडरमध्ये स्पष्ट लिहिलेलं असतं की ही विनंती नाकारली तर बयाणा जप्त होणार नाही. शून्य विसरलेल्या आपल्या गड्यानं नकार दिला असता तर दोन लाख परत आले असते. अर्थात 119 व्या दिवशी स्वीकृतीपत्र आलं तर मात्र अडकलात. मग सुरक्षा अनामत भरली नाही तर बयाणाही जाईल आणि काळ्या यादीची नोटीसही येऊ शकेल.

बयाण्याच्या रकमेऐवजी बँक गॅरंटी दिली असेल तर तिची तारीख वेगळी बघा. ती देकाराच्या वैधतेपुढे 45 दिवस मागतात. संमती देताना ती वाढवायला विसरलात तर...

हो साहेब, थांबतो. करोनाच्या काळात केंद्रानं 2021 च्या अखेरपर्यंत रकमेऐवजी नुसतं हमीपत्र घेतलं, त्यावर बोलायचं राहिलंच. नकाराच्या पत्राचा मसुदा माझ्याकडे आहे, चार ओळींचा. चहाच्या टेबलापाशी भेटा, फोटो काढून घ्या.