उभा दांडा आणि दोन गेन

टोकाला वजन असलेला सुमारे 1.09 मीटरचा हलका दांडा खालच्या सांध्यातल्या मोटरच्या जोरावर उभा ठेवायचा आहे, असे समजा. उभ्या स्थितीपासूनचा कल θ लहान असताना त्याचे समीकरण θ'' = 9θ + u असे होते; यातला 9 हा गुरुत्व त्वरणाला लांबीने भागून आलेला आहे आणि u हे मोटरने दिलेले कोनीय त्वरण आहे. मोटर बंद असताना आयगेन मूल्ये, म्हणजे कल किती वेगाने वाढतो किंवा विरतो हे सांगणारे आकडे, +3 आणि −3 येतात. यांतले +3 दांडा पाडते.

मोटरला u = −k₁θ − k₂θ' असा फीडबॅक दिला, ज्यात k₁ आणि k₂ हे दोन गेन आहेत, की आयगेन मूल्यांचे समीकरण s² + k₂s + (k₁ − 9) = 0 असे होते. आयगेन मूल्ये −2 आणि −3 हवी असतील, तर (s+2)(s+3) = s² + 5s + 6; सहगुणक जुळवले की k₂ = 5 आणि k₁ = 15 मिळतात. इथे k₂ गाळण्याचा मोह आवरावा, कारण फक्त कोनाचा फीडबॅक दिला तर k₁ कितीही मोठा घेतला तरी दांडा झुलतच राहतो, स्थिरावत नाही.

मग मूल्ये −20 आणि −30 वर का नेऊ नयेत? गणित अडवत नाही, k₁ = 609 आणि k₂ = 50 लगेच मिळतात. परंतु 0.1 रेडियन, म्हणजे जेमतेम सहा अंश कल असताना मोटरकडे 60.9 एवढे त्वरण मागितले जाते आणि तिची मर्यादा 4 असेल तर ती 4 वरच अडते. तेवढ्या काळापुरती आपण ठरवलेली मूल्ये केवळ कागदावर उरतात. शिवाय एका फेऱ्यात 2000 पायऱ्या मोजणाऱ्या एन्कोडरवरून दर 10 मिलिसेकंदांनी वेग काढला, तर एका पायरीच्या थरथरीने वेगात 0.314 ची उडी येते आणि k₂ ने गुणल्यावर तीच जवळजवळ 16 होते. दांडा स्थिर दिसत असूनही मोटर गुणगुणते आणि तापते, तेव्हा आधी हे तपासावे.

याउलट, मूल्ये जितकी मंद तितके श्रम कमी, हा समजही खरा नाही. −2 आणि −3 साठी, 0.1 रेडियन कलावर थांबलेल्या दांड्यापासून सुरुवात केल्यास u = −1.5e⁻²ᵗ येते, आणि त्याच्या वर्गाचे संपूर्ण काळावरचे समाकलन, म्हणजे इथले श्रमाचे माप, 0.5625 भरते. आता +3 ची −3 वर आरशासारखी प्रतिमा घेऊन दोन्ही मूल्ये −3 वर ठेवली, म्हणजे k₁ = 18, k₂ = 6, तर u = −1.8e⁻³ᵗ येते आणि तेच समाकलन 0.54 होते. सुरुवातीचा जोर थोडा जास्त लागतो. पण दोन सेकंदांनी पहिल्या निवडीत मूळ कलाचे 5 टक्के शिल्लक असतात, तर या निवडीत 2 टक्क्यांहून कमी. दांडा स्थिर करणाऱ्या कोणत्याही नियंत्रणाला 0.54 पेक्षा कमी खर्चात हे साधत नाही, म्हणून माझी पहिली चाचणी नेहमी याच जोडीने सुरू होते.