मूट कोर्ट मेमोरियल: छोट्या बेटावरचा हक्क कासवाच्या अंड्यांवरून कसा सिद्ध होतो?

नमस्कार. तुमच्या मूटच्या प्रश्नात एक छोटं बेट आहे, दोन राज्यं त्यावर हक्क सांगतायत, आणि तुम्हाला मेमोरियलमध्ये, म्हणजे लेखी युक्तिवादात, लिहायचंय की प्रत्यक्ष ताब्यामुळे बेट आपलं आहे. आज फक्त हा एकच युक्तिवाद उलगडू. त्यासाठी एक खरा खटला घेऊ: इंडोनेशिया विरुद्ध मलेशिया. बोर्निओच्या ईशान्य किनाऱ्याजवळची लिगितान आणि सिपादान ही दोन इवलीशी बेटं. निकाल आंतरराष्ट्रीय न्यायालयाचा, १७ डिसेंबर २००२ चा, मलेशियाच्या बाजूने. समजा, मलेशियाचं मेमोरियल तुम्ही लिहिताय.

आधी क्रम. इंडोनेशिया म्हणत होता की ब्रिटन आणि नेदरलँड्स यांच्या १८९१ च्या करारानेच बेटं आमच्याकडे आली. मलेशिया म्हणत होता की सुलूचा सुलतान, स्पेन, अमेरिका, ब्रिटन अशी मालकीची साखळी आमच्यापर्यंत पोहोचते. न्यायालयाने दोन्ही नाकारलं आणि मगच प्रत्यक्ष कारभाराच्या पुराव्याकडे वळलं. हे ध्यानात ठेवा. समोरच्याकडे कराराने आलेला पक्का हक्क असेल, तर तुमचा कारभार कितीही चोख असला तरी तो हक्कच वरचढ ठरतो. बुर्किना फासो आणि माली यांच्या १९८६ च्या निकालात हे स्पष्ट सांगितलंय. म्हणून पहिलं उपशीर्षक समोरच्याचा करार मोडून काढणारं हवं, आणि ताब्याचा मुद्दा त्यानंतर.

शब्दांचाही एक सापळा आहे. ‘ऑक्युपेशन’ म्हटलं की बेट आधी कोणाचंच नव्हतं, हे गृहीत धरावं लागतं. प्रश्नातल्या तथ्यांवरून बेट पूर्वी समोरच्याचं होतं असं दिसत असेल, तर निव्वळ ऑक्युपेशनचा मुद्दा तिथेच कोसळतो. तेव्हा पर्यायी मुद्दा मांडा: मूळ हक्क त्यांचा असला तरी आमचा उघड कारभार चालू असताना ते गप्प राहिले, आणि त्या मौनातून हक्क आमच्याकडे आला. पेद्रा ब्रांका बेटाच्या २००८ च्या निकालात सिंगापूर मलेशियाविरुद्ध याच वाटेने जिंकलं. तिथे आजच्या मलेशियातल्या जोहोरच्या अधिकाऱ्याचं १९५३ चं एक पत्र होतं: जोहोर सरकार पेद्रा ब्रांकावर मालकी सांगत नाही.

आता मुख्य कसोटी. पूर्व ग्रीनलंडच्या १९३३ च्या निकालात दोन गोष्टी मागितल्या आहेत: सार्वभौम म्हणून वागण्याचा हेतू, आणि त्या अधिकाराचा थोडा तरी प्रत्यक्ष वापर. त्याच निकालात पुढे म्हटलंय की समोरच्याचा दावा वरचढ नसेल, तर विरळ वस्तीच्या प्रदेशात अगदी थोडा वापरही पुरतो. बेटावर वस्ती नाही म्हणून घाबरू नका. पण हे वाक्य लिहिलंत की समोरच्याचा पुरावाही तुम्हालाच तोलून दाखवावा लागतो. बरीच मेमोरियलं इथेच कच्ची राहतात. आपला पुरावा रंगवून सांगतात, समोरच्याचा पाहतच नाहीत.

कागद घ्या आणि तथ्यांमधली प्रत्येक कृती एकेका ओळीत लिहा. मग प्रत्येक ओळीला चार प्रश्न विचारा.

कधी? इथे निर्णायक तारीख १९६९ ची. वाद उघड झाला तेव्हाची. त्यानंतरची कृती धरली जात नाही. अपवाद एकच: ती आधीच्या कृतींचा स्वाभाविक पुढचा टप्पा असेल आणि आपली कायदेशीर बाजू बळकट करण्यासाठी केलेली नसेल. सिपादानवर पुढे पर्यटन वाढलं, तरी मेमोरियल त्यावर उभं राहत नाही.

कोणी? इंडोनेशियाने आपले मच्छीमार या पाण्यात पिढ्यानपिढ्या येतात असं सांगितलं. न्यायालयाने ते बाजूला ठेवलं, कारण सरकारी नियम किंवा सरकारी अधिकार पाठीशी नसेल तर खासगी माणसांचं येणंजाणं राज्याची कृती होत नाही. तुमच्या प्रश्नात मच्छीमार दिसले की आधी त्यांच्याकडे परवाना होता का ते शोधा.

कुठे? कृती नेमकी याच बेटाबद्दल हवी. इंडोनेशियाने १९२१ मध्ये डच युद्धनौका ‘लिंक्स’ तिथे फिरल्याचं मांडलं, पण डच अधिकारी ही बेटं आपली मानत होते, असं त्यातून निघालं नाही. उलट इंडोनेशियाच्या स्वतःच्या १९६० च्या, समुद्री हद्द मोजण्याच्या आधाररेषांच्या कायद्यात या बेटांचा उल्लेखच नव्हता. समोरच्याच्या कायद्यातली अशी गैरहजेरी म्हणजे तुमच्यासाठी सोनं. तिला स्वतंत्र परिच्छेद द्या.

आणि चौथा प्रश्न: समोरच्याने हरकत घेतली का?

या चाळणीतून मलेशियाचं काय उरलं? पुढे मलेशियात आलेल्या उत्तर बोर्निओचा १९१७ चा कासव संरक्षण अध्यादेश, आणि त्याखाली कासवं पकडण्यावर व अंडी गोळा करण्यावर परवान्याचं नियंत्रण. १९५४ च्या एका परवान्यात तर सिपादान आणि लिगितान दोन्ही नावं आहेत. १९३३ मध्ये सिपादानला पक्ष्यांसाठी राखीव ठरवलं गेलं. १९६२ आणि १९६३ मध्ये दोन्ही बेटांवर दीपगृहं उभी राहिली. यादी साधारण इतकीच! न्यायालयाने मान्य केलं की कृती संख्येने थोड्या आहेत. पण त्या वेगवेगळ्या प्रकारच्या आहेत, बराच काळ चालल्या आहेत, आणि त्यांत कायदा करणं, तो राबवणं आणि अंड्यांवरून झालेले तंटे सोडवणं हे सारं येतं.

दीपगृहाचं प्रकरण नीट समजून घ्या. दीपगृह बांधणं ही सहसा सार्वभौमत्वाची कृती मानली जात नाही. जहाजांच्या सोयीसाठी ते कोणीही बांधू शकतं. इथे ते उपयोगी पडलं, कारण बांधकाम चालू असताना इंडोनेशियाने ‘ही बेटं आमची आहेत’ असं साधं कळवलंसुद्धा नाही. म्हणजे वजन मौनाचं आहे, दगडविटांचं नाही. तुमचं वाक्यही तसंच हवं. ‘आम्ही दीपगृह बांधलं, म्हणून बेट आमचं’ असं लिहिलंत, तर न्यायाधीश पहिलाच प्रश्न त्यावर विचारतील.

आणखी एक बारकावा: बेटं दोन असतील तर पुरावाही वेगवेगळा मांडा. पक्ष्यांची राखीव जागा फक्त सिपादानची आहे. ती लिगितानच्या खात्यात घातलीत तर समोरचा संघ तेवढंच पकडून बसेल.

लिहिताना उपशीर्षक पूर्ण वाक्याचं ठेवा.

[पडद्यावर: ‘१९१७ पासून १९६९ पर्यंत अर्जदाराने या बेटाबद्दल कायदे केले आणि ते राबवले, प्रतिवादीने एकदाही हरकत घेतली नाही.’]

त्याखाली पहिल्या परिच्छेदात कसोटी, मग सर्वांत भक्कम कृती, म्हणजे कायदा आणि त्याची अंमलबजावणी. मग मौन, आणि शेवटी समोरच्याच्या कृती का पुरत नाहीत ते. प्रत्येक तथ्यापुढे कॉम्प्रोमीचा, म्हणजे मूटच्या प्रश्नपत्राचा, परिच्छेद क्रमांक, प्रत्येक निकालापुढे त्यातला परिच्छेद क्रमांक. कॉम्प्रोमीत नसलेलं तथ्य अंदाजाने भरू नका. ‘परवाने दिले जात’ एवढंच लिहिलं असेल, तर ‘शेकडो परवाने’ हे तुमचं वाक्य असू शकत नाही.

प्रार्थनेत, म्हणजे मेमोरियलच्या शेवटच्या मागणीत, कॉम्प्रोमीतला प्रश्न आहे तेवढंच मागा: या बेटावरचं सार्वभौमत्व अर्जदाराचं आहे, असं न्यायालयाने जाहीर करावं. भोवतालचा समुद्र कोणाचा हे विचारलेलंच नसेल, तर तो मागू नका. लिगितान-सिपादानमध्येही दोन्ही देशांनी न्यायालयाला विचारलं होतं ते फक्त बेटांबद्दल.