शेडची तारीख कुठे ठरते?

[दृश्य: साइटवर जेसीबी खोदाई करतोय.]

साइटवर सगळ्यांचं लक्ष खड्ड्याकडे असतं. पण या पोलादी शेडची तारीख ठरतेय वर्कशॉपमध्ये. कशी, ते आकडे मांडून पाहू.

[दृश्य: कागदावर कामांचं जाळं काढणारा हात.]

दोन कामं एकदमच सुरू होतात. इकडे खोदाई, 4 दिवस. मग पाया, क्युरिंग धरून 10 दिवस. तिकडे स्टील यायला 6 दिवस, मग खांब आणि ट्रस बनवायला 12. पाया आणि ट्रस दोन्ही तयार असतील तरच उभारणी, 5 दिवस. मग पत्रे, 4 दिवस. बाजूच्या भिंतीला मात्र नुसता पाया पुरतो. तिला 7 दिवस. पत्रे आणि भिंत झाली की वायरिंग, 3 दिवस.

आता फॉरवर्ड पास, म्हणजे कुठलं काम लवकरात लवकर कधी. शून्य म्हणजे पहिल्या दिवसाची सकाळ. पाया 14 ला संपतो, ट्रस 18 ला. दोन वाटा जिथे मिळतात तिथे मोठा आकडा घ्यायचा, म्हणून उभारणी 18 ला सुरू होऊन 23 ला संपते. पत्रे 27 ला, भिंत 21 ला. वायरिंग 27 ला लागतं आणि 30 ला काम पुरं.

[दृश्य: बोट उजवीकडून डावीकडे सरकतं.]

बॅकवर्ड पास 30 पासून उलटा. वायरिंग 27 ला सुरू व्हायलाच हवं. म्हणजे पत्रे उशिरात उशिरा 23 ला, उभारणी 18 ला, भिंत 20 ला सुरू झाली तरी चालेल. पायापाशी थांबा. त्याच्यापुढे दोन कामं आहेत: उभारणीला तो 18 ला हवा, भिंतीला 20 ला. इथे लहान आकडा घ्यायचा, 18. चुकून 20 घेतला तर पायाला 6 दिवसांची सवलत दिसते, आणि ती वापरली की शेड 32 दिवसांवर जाते. ही चूक पटकन सापडतही नाही, कारण स्टीलची वाट तरीही बरोबर शून्यावर येऊन मिळते.

उशिराच्या सुरुवातीतून लवकरची सुरुवात वजा केली की फ्लोट, म्हणजे त्या कामाला असलेली सवलत. स्टील, ट्रस, उभारणी, पत्रे, वायरिंग: सगळ्यांचा शून्य. हाच क्रिटिकल पाथ: यातलं एकही काम लांबलं की शेडची तारीखही लांबते. भिंतीचा फ्लोट 6, खोदाईचा 4 आणि पायाचाही 4.

[दृश्य: खोदाई आणि पाया यांभोवती एकच वर्तुळ.]

हे 4 आणि 4 मिळून 8 नव्हेत. दोघांत मिळून 4 च आहेत. खोदाईने 3 खाल्ले तर पायाला 1 उरतो. दोन ठेकेदार असतील तर दोघंही ते आपलेच समजतात, आणि भांडण इथेच लागतं.

घाई करायची तर पैसा वर्कशॉपमध्ये घाला. ट्रस 12 ऐवजी 8 दिवसांत झाले तर शेड 26 दिवसांत उभी राहते. त्यापुढे मात्र वर्कशॉपने 7 दिवसांत दिले तरी तारीख हलणार नाही, कारण तोवर पायाही क्रिटिकल झालेला असतो.