फरशा जुळतात का? आणि व्याकरण संदिग्ध आहे का?

(नागपुरात संध्याकाळी झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, नमस्कार. अध्यक्षांनी पाऊण तास दिलाय आणि बाहेर तर्री-पोह्यांचा वास सुटलाय, म्हणजे माझ्या हातात खरा वेळ अर्ध्या तासाचाच आहे. ऑटोमाटाचा पेपर तुम्ही सगळ्यांनी दिलेला आहे, त्यामुळे ट्युरिंग मशीन म्हणजे काय इथपासून सुरुवात करत नाही. आज एकच गोष्ट दाखवायची आहे. एखादं संदर्भमुक्त व्याकरण संदिग्ध आहे की नाही, हे कोणत्याही व्याकरणाबद्दल हमखास सांगणारा प्रोग्राम लिहिता येत नाही. आणि हे दाखवायचं साधन म्हणजे एमिल पोस्ट यांनी १९४६ साली मांडलेलं फरशांचं कोडं.

कोडं असं. काही प्रकारच्या फरशा आहेत. प्रत्येक फरशीवर वर एक शब्द, खाली एक शब्द. प्रत्येक प्रकारच्या फरशा हव्या तितक्या घ्या, उलट्या मात्र करायच्या नाहीत. त्या ओळीने अशा लावायच्या की वरची सगळी अक्षरं सलग वाचली काय आणि खालची वाचली काय, शब्द तोच यावा. निदान एक फरशी लावलीच पाहिजे. प्रश्न फक्त इतकाच, की असं जमतं का?

नागपूरकरांसाठी 'नगर' या शब्दातली तीनच अक्षरं घेतो. चार फरशा, तिरक्या रेघेच्या आधी वरचा शब्द, नंतर खालचा:

```
१:  न     / नग
२:  ग     / रन
३:  र     / ग
४:  गनगर  / र
```

सुरुवात कशाने करणार? दुसऱ्या फरशीवर वर ग, खाली र, पहिलंच अक्षर बिघडलं. तिसरीचं आणि चौथीचंही तसंच. म्हणजे एकच उरते. ती लावली की खालची ओळ एका अक्षराने पुढे जाते, ग ची उधारी राहते. ही उधारी हाच या कोड्याचा जीव आहे. पुढची प्रत्येक फरशी वरच्या बाजूने ती फेडते आणि खालच्या बाजूने नवी चढवते.

आता ग ने सुरू होणाऱ्या दोन फरशा आहेत, दोन आणि चार. चार लावून पाहा. वर 'नगनगर' होतं, खाली 'नगर', आणि तिसऱ्याच अक्षराला न आणि र ची गाठ पडते. ती वाट बंद. दोन लावली तर उधारी होते 'रन'. र ने सुरू होणारी एकच फरशी आहे, तीन. ती लावली की उधारी 'नग'. मग पुन्हा एक, उधारी 'गनग'. आता चार नंबर. वरून 'गनगर' आलं, खालून र आलं, उधारी साफ. क्रम १, २, ३, १, ४ आणि दोन्ही ओळींत 'नगरनगनगर'. आठ अक्षरं इकडे, आठ तिकडे.

चौथी फरशी काढून घेतली तर? उरलेल्या तिघींपैकी एकीचंही वरचं अंग खालच्यापेक्षा लांब नाही. एक आणि दोन लावल्या की खालची ओळ एकेक अक्षराने वाढते आणि ती तूट भरायला कोणी नाही. म्हणजे फक्त तीन नंबरच वापरावी लागेल, आणि तिची तर वर र, खाली ग. उत्तर नाही, एका ओळीत सिद्ध. दुसरीकडे न/नग आणि गन/नग या दोन फरशा घ्या. पहिलीनंतर ग ची उधारी, मग दुसरी कितीही वेळा लावा, उधारी ग ची ग च. इथे उधारींची यादी ठेवणारा प्रोग्राम ओळखतो की आपण त्याच जागी फिरतोय, आणि 'नाही' म्हणून थांबतो.

इथे माझं जुनं दुखणं काढतो, दोन मिनिटं सहन करा. एवढं सांगितलं की वर्गात एक हात हमखास वर जातो. 'सर, कॉम्प्युटर एवढे फास्ट झालेत, सगळे क्रम तपासून टाकायचे.' हुशार पोरं म्हणतात, इंजिनिअर झालेली माणसंसुद्धा म्हणतात. त्यांना मी या चार फरशा देतो: 001/0, 01/011, 01/101 आणि 10/001. चारच फरशा, एकेका बाजूला जास्तीत जास्त तीन अंक. यांचं उत्तर आहे, पण सर्वांत लहान उत्तराला ६६ फरशा लागतात. चार प्रकारच्या ६६ फरशांचे क्रम मोजायला गेलात तर ४० आकडी संख्या येते. अर्थात कोणी सगळे मोजत नाही, आपण आत्ता केलं तशा चुकलेल्या वाटा छाटत गेलं की मशीनला हे सापडतं. म्हणून वेग हा मुद्दाच नाही. मुद्दा असा की पन्नासाव्या फरशीला उधारी वाढत असेल, तर 'अजून थोडं थांब' की 'सोडून दे' हे सांगणारा कोणताही सर्वसाधारण नियम नाही. उत्तर असेल तर शोधणारा कधीतरी थांबेल. नसेल आणि उधारी कायम नवनवी होत गेली, तर तो शोधतच राहील. वाट पाहण्याची मुदत आधीच ठरवून देता आली असती तर प्रश्नच संपला असता. ती तशी ठरवता येत नाही, याचंच नाव अनिर्णेयता. मशीन दहापट वेगवान घेतलंत तर तुम्ही दहापट लवकर कंटाळाल, बस.

(अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे. पंधरा मिनिटं. बरं.)

आता व्याकरण. एकाच वाक्याचे दोन वेगळे पार्स ट्री निघत असतील तर व्याकरण संदिग्ध. अल्गोल ६० च्या मूळ अहवालात दोन if आणि एक else यांचं असंच झालं होतं, else नेमकं कोणत्या if चं ते कळेना. तेव्हा साहजिकच वाटलं की व्याकरण तपासून देणारं यंत्र असावं. १९६२ साली डेव्हिड कँटर आणि रॉबर्ट फ्लॉइड यांनी वेगवेगळ्या लेखांतून दाखवलं की ते होणे नाही. युक्ती बघा. आपल्याच फरशांतून व्याकरण बनवतो:

```
S → A | B
A → न A १ | ग A २ | र A ३ | गनगर A ४
  | न १ | ग २ | र ३ | गनगर ४
B → नग B १ | रन B २ | ग B ३ | र B ४
  | नग १ | रन २ | ग ३ | र ४
```

A वरच्या ओळी लिहितो, B खालच्या. डावीकडे अक्षरं जमतात, उजवीकडे फरशांचे नंबर उलट्या क्रमाने. आपल्या उत्तरातून `नगरनगनगर४१३२१` हे वाक्य निघतं, एकदा S → A ने आणि एकदा S → B ने. दोन ट्री, व्याकरण संदिग्ध. उलट बाजूने, हे व्याकरण संदिग्ध निघालं तर? A ने बनवलेल्या वाक्यात शेवटचे नंबर वाचले की कोणत्या फरशा कोणत्या क्रमाने लावल्या ते ठरून जातं, म्हणून A च्या आत दोन ट्री निघूच शकत नाहीत. B चंही तसंच. मग दोन ट्री आलेत म्हणजे एक A चा, एक B चा. नंबर तेच, म्हणजे फरशांचा क्रम तोच. अक्षरं तीच, म्हणजे वरची ओळ आणि खालची ओळ सारखी. कोडं सुटलं.

उत्तरपत्रिकांत इथे तीन ठिकाणी घात होतो. पहिला, नंबर गाळतात, 'ते फक्त हिशोबाला आहेत' म्हणून. गाळून बघा. चौथ्या फरशीचं 'गनगर' हे २, १, २, ३ या फरशांच्या वरच्या अक्षरांनीही बनतं. म्हणजे नंबरांशिवाय A स्वतःच संदिग्ध, कोडं सुटो न सुटो. दुसरा घात, व्याकरणाची तिसरी आणि पाचवी ओळ लिहायचा कंटाळा येतो म्हणून A आणि B दोघांनाही रिकामा शब्द देतात. मग रिकामं वाक्य दोन्हीकडून निघतं आणि जगातलं प्रत्येक फरशी-व्याकरण संदिग्ध ठरतं. निदान एक फरशी हवी ही अट कोड्यात उगाच नव्हती.

तिसरा घात दिशेचा, आणि यावर सगळ्यांत जास्त गुण जातात. 'कोडं सोडवणारा प्रोग्राम आहे असं मानू, त्यातून संदिग्धता शोधू.' उलटं झालं! मानायचं ते असं, की संदिग्धता ओळखणारा प्रोग्राम आहे. मग कोणत्याही फरशा आल्या की त्यांचं हे व्याकरण लिहायचं (ते लिहिणं यांत्रिक काम आहे), प्रोग्रामला द्यायचं, आणि तो जे म्हणेल तेच कोड्याचं उत्तर. कोडं अनिर्णेय आहे हे आधीच माहीत आहे, म्हणून असा प्रोग्राम नाही.

एक व्यवहाराची गोष्ट. यॅक किंवा बायसनने 'conflict' म्हटलं की मुलं लिहितात 'व्याकरण संदिग्ध'. तसं नाही. कॉन्फ्लिक्टचा अर्थ इतकाच की त्या पद्धतीच्या पार्सरला एक टोकन पुढे पाहून निर्णय घेता येत नाही. व्याकरण पूर्ण असंदिग्ध असूनही असं होतं. बायसनच्या ३.७ आवृत्तीपासून `-Wcounterexamples` आहे. तो दोन ट्री असलेलं वाक्य शोधायचा प्रयत्न करतो, सापडलं तर संदिग्धता पक्की. नाही सापडलं तर ठरावीक वेळाने शोध सोडून देतो, आणि त्यावरून काहीच सिद्ध होत नाही. त्याला दोष देऊ नका, त्याच्यापुढे हेच कोडं उभं आहे.

आता कोडं स्वतः अनिर्णेय का, हे सांगायचं राहिलंय आणि चारच मिनिटं उरलीत, तर धावत सांगतो. फरशांवर ट्युरिंग मशीनची वाटचाल लिहायची. पहिल्या फरशीवर वर फक्त एक खूण, खाली मशीनची सुरुवातीची पूर्ण स्थिती. म्हणजे पहिल्यापासूनच खालची ओळ एक पाऊल पुढे. ती उधारी फेडायला वर तीच स्थिती लिहावी लागते, आणि फरशा अशा कापलेल्या असतात की ती लिहिताना खाली पुढची स्थिती उमटते. टेपवरची अक्षरं जशीच्या तशी उतरवणाऱ्या फरशा, आणि मशीनच्या प्रत्येक नियमाच्या फरशा. मशीन थांबलं तरच शेजारची अक्षरं एकेक करून गिळणाऱ्या फरशा लागू होतात आणि वरची ओळ खालचीला गाठते. मशीन चालतच राहिलं तर उधारी कधीच फिटत नाही. सुरुवात त्याच फरशीने व्हावी म्हणून अक्षरांच्या आगेमागे चांदण्या पेरतात, ते घरी करून बघा.

याच व्याकरणातून आणखी दोन गोष्टी फुकट मिळतात. A ची भाषा आणि B ची भाषा यांत सामाईक वाक्य आहे का, हाही कोड्याचाच प्रश्न, म्हणून तोही अनिर्णेय. आणि या दोन्ही भाषा स्टॅक वापरून न अडखळता ओळखता येतात: अक्षरं स्टॅकवर चढवा, नंबर आला की त्या फरशीचा शब्द उतरवा. म्हणून त्यांचे पूरक संचही संदर्भमुक्त. त्या दोन पूरकांचा संयोग म्हणजे 'सगळी वाक्यं' असेल तर आणि तरच कोड्याला उत्तर नाही. म्हणजे व्याकरण सगळी वाक्यं बनवतं का, आणि दोन व्याकरणं एकच भाषा बनवतात का, हेही गेले.

शेवटी मर्यादा, कारण मघाशी मागच्या रांगेतून विचारलं होतं की फरशांचे प्रकार थोडेच असतील तर काय. फरशांचे दोनच प्रकार असतील तर निर्णय करता येतो, हे १९८२ पासून माहीत आहे. पाच प्रकार असतील तर येत नाही, हे टर्लो नीअरी यांनी २०१५ साली दाखवलं. तीन आणि चारचा निकाल अजून लागलेला नाही. पाच फरशांचं आपलं व्याकरण मोजा: S चे दोन नियम, A चे दहा, B चे दहा. बावीस नियम, S, A, B ही तीन मोठी अक्षरं, प्रत्येक नियमात उजवीकडे फार तर एकच मोठं अक्षर. तेवढ्यातच संदिग्धता हाताबाहेर जाते. प्रश्न पोह्यांच्या टेबलाशी विचारा, अध्यक्ष उभे राहिलेत.