1997 आणि 2002: दोन एल निनो, दोन पावसाळे

(पणजीत हवामानशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

एल निनो आला की पाऊस हुकणार, असं वर्तमानपत्रं दर वेळी लिहितात. आज आपण दोनच वर्षं घेऊ. 1997 साली विसाव्या शतकातल्या सर्वांत जोरदार एल निनोंपैकी एक होता. जून ते ऑगस्ट या काळात मध्य प्रशांताचं पाणी सरासरीपेक्षा दीड अंशाहून जास्त तापलं होतं. देशात पाऊस किती पडला? सरासरीच्या 102 टक्के. पाच वर्षांनी, 2002 मध्ये, त्याच महिन्यांत ही वाढ एक अंशाच्याही आतच होती. आणि पाऊस पडला 81 टक्के. जुलै तर निम्म्यावर आला. दुखणं निम्मं, पण पेशंट जास्त आजारी.

आधी साखळी समजून घ्या. एरवी इंडोनेशियाभोवतालचं उष्ण पाणी हवा वर ढकलतं, तिथे ढग उभे राहतात, आणि ती हवा पूर्व प्रशांतावर खाली बसते. हे वॉकर अभिसरण. गिल्बर्ट वॉकर भारताच्या वेधशाळांचे प्रमुख होते. मान्सूनचा अंदाज बांधता यावा म्हणून ते जगभरचे दाबाचे आकडे जुळवत बसले आणि त्यातून दक्षिणी दोलन, म्हणजे प्रशांताच्या दोन बाजूंमधला हवेच्या दाबाचा झोका, सापडलं. एल निनोत उष्ण पाणी पूर्वेकडे सरकतं, त्याबरोबर हवा वर जाण्याची जागाही सरकते. मग हवा खाली बसण्याचा पट्टा इंडोनेशियाकडे आणि आपल्याकडे येतो. खाली बसणारी हवा ढगांना वाढू देत नाही.

म्हणून प्रश्न 'किती तापलं' एवढाच नाही, 'कुठे तापलं' हाही आहे. 1997 मध्ये सर्वाधिक तापलेलं पाणी दक्षिण अमेरिकेच्या बाजूला होतं. 2002 मध्ये ते आंतरराष्ट्रीय वाररेषेच्या आसपास, म्हणजे आपल्याकडे बऱ्याच जवळ. वाढ लहान असली, तरी तिथलं पाणी मुळातच उबदार असतं. त्यावर थोडी भर पडली तरी मोठे ढग तयार होतात, आणि त्यांचा उतरता पट्टा भारतावर येऊ शकतो.

दुसरा खेळाडू आपल्या दारातला. 1997 च्या उत्तरार्धात सुमात्रापाशी समुद्र थंड पडला आणि आफ्रिकेकडे तापला. यालाच इंडियन ओशन डायपोलची धन अवस्था म्हणतात. विषुववृत्तीय हिंदी महासागरावर ढगांचा जोर पूर्वेकडून पश्चिमेकडे आला, आणि एल निनोचा दाब काही अंशी सैल झाला, असं मानलं जातं. पुढे त्याच हंगामात पूर्व आफ्रिकेत महापूर आले आणि इंडोनेशियात वणवे पेटले. 2002 मध्ये मात्र हिंदी महासागराकडून अशी मदत झाली नाही. पण डायपोलवर सगळं सोडू नका. तो पूर्ण रंगात येतो सप्टेंबर-नोव्हेंबरमध्ये, तेव्हा आपला मान्सून परतीला लागलेला असतो. जुलैचा अंदाज बांधताना विषुववृत्तावरचे वारे आणि ढग बघणं जास्त उपयोगी.

इथे एक आकडा जरूर करून पाहा. मध्य प्रशांताचं तापमान आणि अखिल भारतीय पाऊस यांचा सहसंबंध गुणांक साधारण उणे 0.5 धरा. त्याचा वर्ग 0.25. म्हणजे पावसातल्या चढउतारापैकी चौथा हिस्साच या एका घटकाने समजतो. शिवाय हा गुणांक दशकागणिक बदलतो. 1970 च्या दशकानंतर तो काही काळ कमजोर झाला होता. परीक्षेत 'एल निनोमुळे दुष्काळ पडतो' असं लिहाल, तर मी अर्धेच गुण देईन.

आता गोव्याकडे या. अखिल भारतीय पाऊस क्षेत्रफळाच्या हिशेबाने काढतात आणि आपलं राज्य पडतं जेमतेम 3702 चौरस किलोमीटरचं. आपल्याकडचा पाऊस म्हणजे अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे, किनाऱ्यालगतचा कमी दाबाचा पट्टा आणि सह्याद्रीची भिंत. म्हणूनच सत्तरी तालुक्यात, वाळपईकडे, पणजीपेक्षा जास्त कोसळतो. किनाऱ्यालगतचा हा पट्टा दिवसादिवसाला बळावतो किंवा विरतो, आणि त्याला प्रशांताची हाक दूरून, अस्पष्टच ऐकू येते. त्यामुळे देशभर तूट असलेल्या वर्षीही आपली भातशेती तग धरू शकते.

तरी जुलै 2002 चा खंड इथेही जाणवला. तेव्हा पश्चिम किनाऱ्यावरच्या अतिवृष्टीचा अभ्यास करायला 'आर्मेक्स' ही मोहीम चालू होती आणि 'सागर कन्या' हे संशोधन जहाज अरबी समुद्रात होतं. मुसळधार पाऊस मोजायला निघालेल्यांना नेमका दुष्काळी जुलै मिळाला. पण त्यातून खंडाच्या काळात समुद्र, वारा आणि ढग कसे वागतात याच्या नोंदी हाती आल्या.

पुढच्या तासाला येताना पणजी आणि वाळपई या दोन्ही ठिकाणच्या 2002 च्या जुलैतल्या रोजच्या नोंदी शेजारी शेजारी मांडून आणा. पाऊस दोन्हीकडे एकाच दिवशी थांबला का, एवढंच बघा.