जळजळ थांबली, पण पोळी अडकू लागली

(नागपुरात धरमपेठेतल्या एका ज्येष्ठ नागरिक मंडळात पोटविकारतज्ज्ञाने दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, आज मी बोलणार आहे ते एका बागायतदाराबद्दल. काटोलकडचे, वय 58, संत्र्याची बाग. छातीत जळजळ बारा वर्षांपासूनची. सुरुवातीला पाण्यात विरघळणारी पावडर, मग गुलाबी पातळ औषध, आणि गेली चार वर्षं गावातल्या मेडिकलमधून पॅन्टोप्राझोलची स्ट्रिप. दुकानदार ओळखीचा, त्यामुळे चिठ्ठी कोणी मागितली नाही आणि त्यांनीही कोणाला दाखवलं नाही. तोंडात खर्रा असायचाच.

माझ्याकडे आले तेव्हा खुर्चीत बसता बसताच म्हणाले, "डॉक्टरसाहेब, जळजळ तर आता कमीच आहे. पण पोळीचा घास इथं थांबते." आणि छातीच्या मधल्या हाडाच्या खालच्या टोकावर बोट ठेवलं.

त्यांच्या पत्नी शेजारी होत्या. खरी हकीकत त्यांच्याकडूनच कळली. दिवाळीच्या सुमारास भाकरी सोडली, म्हणे कोरडी लागते. मग पोळी वरणात बुडवून खाऊ लागले. मग प्रत्येक घासामागे पाण्याचा घोट. गेल्या महिन्यात फक्त वरण-भात आणि कढी. पँटच्या पट्ट्याला त्यांनी खिळ्याने दोन नवी भोकं पाडली होती. वजन केलं तर 63 किलो. चार महिन्यांपूर्वी सोसायटीच्या शिबिरात 71 भरलं होतं. वजन कमी करायचा त्यांनी काही प्रयत्न केलेला नव्हता.

आता यातली गोम समजून घ्या. अन्ननलिका लवचिक असते, घास आला की ती दोन सेंटिमीटरहून जास्त ताणली जाते. तिचा आतला मार्ग 13 मिलिमीटरच्या आत आला की पोळी, भाकरी, मांसाचा तुकडा असे घट्ट घास बहुधा प्रत्येक जेवणाला अडकायला लागतात. म्हणजे पोळी अडकू लागली तेव्हा बराच मार्ग आधीच बंद झालेला असतो. "पाणी तर व्यवस्थित जातं ना, मग काय काळजी" हे वाक्य मी दर आठवड्याला ऐकतो. पाणी अडेपर्यंत थांबणं म्हणजे उरलेला वेळ घालवणं. आधी घट्ट, मग मऊ, मग पातळ असं क्रमाने अडत जाणं हे आतून काहीतरी मार्ग अरुंद करत असल्याचं लक्षण आहे. घट्ट आणि पातळ दोन्ही पहिल्यापासूनच अडत असेल तर नळीच्या हालचालीचा दोष जास्त संभवतो. पण दोन्हींमध्ये दुर्बिणीची तपासणी, म्हणजे एंडोस्कोपी, लागतेच.

आणि जळजळ कमी का झाली? लोकांची सगळ्यात जास्त फसगत इथेच होते. वर्षानुवर्षं आम्ल वर येऊन नळीला व्रण पडतात, ते भरताना कातडी आकसते. तो अरुंद भागच आम्लाला थोडा बांध घालतो. दुसरं म्हणजे पॅन्टोप्राझोलसारखी औषधं आम्ल दाबतात, म्हणून गाठीवरच्या व्रणाचीही आग शांत होऊ शकते. गाठ मात्र तिथेच असते. गोळीने बरं वाटलं याचा अर्थ आम्ल कमी झालं, एवढाच.

त्यांचं रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन 9.2 आणि लोह कमी. पुरुषाला, किंवा पाळी बंद झालेल्या बाईला, लोह कमी असणारा अ‍ॅनिमिया झाला की रक्त कुठून गळतंय हे शोधायलाच हवं. बहुतेक वेळा ते पोटातून किंवा आतड्यातून थेंब थेंब जात असतं, डोळ्यांना दिसत नाही. टॉनिक देऊन आकडा वाढवणं सोपं आहे, पण त्याने गळती झाकली जाते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उपाशीपोटी त्यांना बोलावलं. आठ तास काही खायचं नाही एवढीच तयारी. घशात बधिर करणारा कडवट स्प्रे मारला, डाव्या कुशीवर झोपवलं, दातांत प्लास्टिकचं कडं दिलं. करंगळीएवढी जाड नळी. जेमतेम सात-आठ मिनिटं. मळमळ होते, ढेकर येतात, पण श्वास अडत नाही, कारण श्वासनलिका वेगळी आहे. समोरच्या दातांपासून 37 सेंटिमीटरवर, अन्ननलिका जठराला मिळते तिथे, एका बाजूने वाढलेली खडबडीत गाठ दिसली. तिचे सहा तुकडे घेतले. तुकडा घेताना दुखत नाही, तिथल्या आवरणाला कापल्याची जाणीव नसते. रिपोर्ट कर्करोगाचा आला. सीटी स्कॅनमध्ये तो इतरत्र पसरलेला दिसला नाही, म्हणून आधी केमोथेरपी आणि मग शस्त्रक्रिया झाली. आज ते दिवसातून सहा वेळा थोडं थोडं जेवतात आणि बागेत जातात. दिवाळीला भाकरी सोडली तेव्हाच आले असते तर इलाज कदाचित लहान झाला असता. ही गोष्ट मला आजही बोचते.

आता कोणी घाबरून उद्याच दुर्बीण करायला निघू नका. रात्री अकराला सावजी रस्सा खाऊन लगेच आडवं होणाऱ्या तिशीतल्या मुलाची जळजळ वेगळी. घास अडत नाही, वजन टिकून आहे, रक्त ठीक आहे, तर त्याला मी आधी आठ आठवडे गोळी देतो. ती नीट घ्यायला सांगतो, कारण निम्मे लोक ती चुकीची घेतात. सकाळी उपाशीपोटी गोळी, आणि अर्ध्या-पाऊण तासाने नाश्ता. आम्ल तयार करणारे पंप खाण्याने जागे होतात आणि औषध जाग्या पंपांवरच बसतं. तर्री-पोहे झाल्यावर घेतलेल्या गोळीने फरक पडला नाही, तर दोष वेळेचा असू शकतो. नीट घेऊनही आठ आठवड्यांत उतार पडला नाही, किंवा बंद केली की जळजळ लगेच परत येते, तर मात्र आत पाहायला हवं. जळजळ आयुष्यात पहिल्यांदाच पन्नाशीनंतर सुरू झाली असेल तर मी फार थांबत नाही. घरात कोणाला जठराचा किंवा अन्ननलिकेचा कर्करोग झाला असेल तर त्याहूनही कमी.

एक जळजळ मात्र दुर्बिणीची नाही. जिना चढताना किंवा भराभर चालताना छातीत जळतं आणि थांबलं की शमतं, सोबत घाम येतो, जबडा किंवा डावा हात भरून येतो, तर अँटासिड पिऊन वाट पाहू नका. सरळ इस्पितळात जाऊन आधी ईसीजी.

मागे बसलेल्या ताईंनी मघाशी चिठ्ठी पाठवली: "आईला लोहाच्या गोळ्या सुरू आहेत, शौच काळी होते, घाबरायचं का?" ताई, लोहाने शौच काळपट-हिरवट होते, पण बहुधा बांधलेली असते. रक्ताची काळी शौच डांबरासारखी चिकट असते, पाणी टाकूनही भांड्याला धरून राहते, आणि तिचा उग्र वास खोलीभर येतो. तशी दिसली, किंवा उलटीत रक्त वा कॉफीच्या चोथ्यासारखं काही पडलं, तर त्याच दिवशी इस्पितळ गाठा, रात्र असली तरी. आईंची शौच पहिल्या प्रकारची असेल तर गोळ्या चालू राहू द्या. मात्र आईंचं लोह कमी झालंच कशामुळे, हे कोणी तपासलंय का, ते मला व्याख्यान संपल्यावर येऊन सांगा.